मस्ट, मे आणि सांगता येत नाही

जुलैतल्या एका संध्याकाळी मी भाचीपुढे इंग्रजीचा एक उतारा ठेवला. ती दहावीला, मराठी माध्यमाच्या शाळेत. मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते, पण तिच्या शाळेत नाही. बहिणीने सांगितलं होतं, "पुस्तकातल्या उताऱ्यावरचे प्रश्न पोरगी धडाधड सोडवते, बाहेरचा उतारा आला की अडकते. तू जरा बघ." म्हणून मी तिच्याच पुस्तकातली कथा घेतली. रस्किन बाँड यांची 'द बॉय हू ब्रोक द बँक'. त्यातला पानभराचा भाग उतरवून घेतला आणि त्याखाली 6 प्रश्न लिहिले. प्रश्न माझे होते, गाईडमधले नव्हते. बँकेच्या पायऱ्या झाडणाऱ्या नथूला राग का आला असेल, धोब्याचा मुलगा सीताराम त्याच्याशी कसा वागतो, असे.

तिने दहा मिनिटांत उत्तरं लिहिली. 5 बरोबर होती. पण मी उत्तरांकडे कमी आणि तिच्या डोळ्यांकडे जास्त बघत होते. प्रश्न वाचताना तिची नजर एकदाही वर उताऱ्याकडे गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच कथेचा पुढचा भाग घेतला. या वेळी कागद मधोमध दुमडून उतारा आत ठेवला आणि फक्त प्रश्न दिसू दिले. ती म्हणाली, "मावशी, उतारा?" मी म्हटलं, "आधी असंच लिहून बघ." तिने लिहिलं. 6 पैकी 4 बरोबर आले. उतारा न वाचता उताऱ्यावरचे प्रश्न सुटत असतील, तर तपासलं जातं ते वाचन नव्हे. कथा वर्गात शिकवून झाली होती, सारांश पाठ होता, स्वभावचित्रं पाठ होती. माझे प्रश्न नवे असले तरी उत्तरं तिच्याकडे आधीच होती.

मग मी उलट टोकाला गेले. स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकातून 150 शब्दांचा उतारा काढला. तो तिने कधीच वाचलेला नव्हता. तिला न येणाऱ्या शब्दांखाली मी रेघ मारायला सांगितली. 17 रेघा झाल्या. त्याखालचा प्रश्न होता, लेखकाला त्या गावाबद्दल काय वाटत असावं? तिने प्रश्नातला 'व्हिलेज' हा शब्द उताऱ्यात शोधला आणि तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. तिला दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. दर आठ-नऊ शब्दांमागे एक दगड लागत असेल, तर माणूस पायाखालीच बघत चालतो.

कथेसारखा मजकूर कुणाच्या मदतीशिवाय पुरेसा समजायचा असेल, तर त्यातले शंभरातले सुमारे 98 शब्द वाचकाला ओळखीचे लागतात, असं पॉल नेशन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याच्या 2000 सालच्या अभ्यासात आढळलं होतं. बी.एड.नंतरच्या एका प्रशिक्षणात मी ते ऐकलं होतं, वहीतही लिहिलं होतं. त्या संध्याकाळी त्याचा हिशेब केला. 150 शब्दांत न येणारे शब्द फार तर 3. माझ्या उताऱ्यात 17 होते.

म्हणजे मला हवा होता असा मजकूर, ज्यातले शब्द तिचे असतील आणि घटना मात्र तिला ठाऊक नसेल. तो बाजारात मिळणार नव्हता, कारण तिला कुठले शब्द येतात हे कुठल्याच प्रकाशकाला माहीत नव्हतं. ते तिच्या पुस्तकात होते. तिथपर्यंत शिकवून झालेले धडे हाच तिचा शब्दसाठा. धड्यातून उतारा उचलायचा नाही, धड्यातून शब्द उचलायचे आणि त्यातून नवी गोष्ट लिहायची, हे मला तेव्हा उमगलं.

पहिला उतारा लिहायला मला दीड तास लागला. बँकेच्या कथेतून मी 24 शब्द काढले. बँक, पायऱ्या, झाडणे, कुरकुरणे, पगार, क्लार्क, मॅनेजर, खातं, पैसे काढणे, सुट्टी, गर्दी, अफवा, असे. हे तिला येतात याची खात्री तोंडी करून घेतली. त्यातले दोन तिला आले नाहीत, ते गाळले. मग तिच्या ओळखीच्या जगातली एक लहान घटना ठरवली. लिहिताना वाक्यं छोटी ठेवली, काळ साधा भूतकाळ.

पहिल्या मसुद्यात मी सगळं सांगून टाकलं होतं. म्हातारे गृहस्थ पैशांची वाट बघत होते, पैसे आले, त्यांना आनंद झाला. असा मजकूर लिहून झाला की त्यातलं सर्वांत जास्त सांगणारं वाक्य शोधायचं आणि ते काढून टाकायचं. मी काढलेलं वाक्य होतं, 'त्या दिवशी त्यांच्या खात्यात पैसे जमा झाले होते.' ते वाक्य म्हणजेच प्रश्नाचं उत्तर. आता त्या उत्तराकडे नेणाऱ्या किमान दोन खुणा उताऱ्यात वेगवेगळ्या ठिकाणी उरल्या आहेत का, ते तपासायचं. एकच खूण असेल तर प्रश्न ओढूनताणून केलेला होतो. दोन्ही खुणा शेजारी-शेजारी असतील तर वाचणारा तेवढीच ओळ उचलतो.

उरलेला उतारा मराठीत सांगायचा तर असा होता. वाक्यांना मी क्रमांक दिले होते:

1. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारबाबा रोज सकाळी बँक उघडण्याआधी पायऱ्यांवर येऊन बसत.
2. झाडणारा मुलगा त्यांच्यासाठी एक पायरी आधी झाडून देई.
3. बँक उघडली की ते क्लार्कपुढे पासबुक ठेवत आणि क्लार्क आकडा मोठ्याने वाचून दाखवी.
4. ते पासबुक पिशवीत ठेवत आणि काही न बोलता घरी जात.
5. पाच दिवस असंच झालं.
6. सहाव्या दिवशी क्लार्कने आकडा वाचला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला.
7. मग त्यांनी पैसे काढायच्या कागदावर अंगठा उठवला.
8. बाहेर येताना त्यांनी झाडणाऱ्या मुलाला जिलेबी घेऊन दिली.
9. दुसऱ्या दिवशी ती पायरी रिकामी होती.

त्यावर 3 प्रश्न. सहाव्या दिवशी काय झालं होतं? म्हातारबाबांना लिहिता-वाचता येत होतं का? आणि पैसे कुणी पाठवले?

प्रश्न लिहिताना एक पथ्य पाळलं. उत्तर ज्या वाक्यांत दडलंय त्यातला ठळक शब्द प्रश्नात येऊ द्यायचा नाही. मी प्रश्नात 'अंगठा' लिहिलं असतं तर तिने सातवं वाक्य उतरवलं असतं आणि काम संपलं असतं. सवय तीच होती, शब्दाला शब्द जुळवायची. शब्द जुळेनासा झाला, की उतारा पुन्हा वाचल्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा उताऱ्यावर वाकली. पेन हातात धरून दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना पाचव्या वाक्यावर थांबली. मग लिहिलं, पैसे आले असणार. मी विचारलं, "कशावरून?" नियम असा ठेवला होता की उत्तराला आधार देणाऱ्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून दाखवायचं. तिने चौथ्या वाक्यावर ठेवलं, "आधी काही न करता घरी जात होते." मग सातव्यावर, "आज पैसे काढले." मग थोड्या वेळाने स्वतःहूनच नवव्यावर, "आणि नंतर आलेच नाहीत. म्हणजे ज्यासाठी येत होते ते काम झालं." तीन ठिकाणची तीन वाक्यं तिने स्वतः जोडली होती.

तिसऱ्या प्रश्नाला तिने लिहिलं, त्यांच्या मुलाने पाठवले. मी म्हटलं, "बोट ठेव." बोट उताऱ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरलं आणि परत वर गेलं. ती म्हणाली, "पण म्हातारी माणसं मुलाच्याच पैशांची वाट बघतात ना?" उत्तर तिने आणलं होतं, पण उताऱ्यातून नव्हे. तिच्या मनातल्या दहा गोष्टींतून आणलं होतं. पेन्शन असू शकत होती, उसाचं बिल असू शकत होतं, कुणी उसने घेतलेले परत केलेले असू शकत होते. उतारा त्याबद्दल गप्प होता. तिथे मी तिला तिसरा पर्याय दिला, 'सांगता येत नाही'. तेही उत्तर आहे आणि त्यालाही गुण आहेत, हे ऐकून तिला खरंच नवल वाटलं. उत्तर माहीत नसणं आणि उताऱ्यात उत्तर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

टॅफी राफेल या अभ्यासकबाईंनी 1980च्या दशकात उत्तर कुठे मिळतं यावरून प्रश्नांचे प्रकार पाडले होते. काही उत्तरं एकाच वाक्यात असतात, काही दोन-तीन वाक्यं जोडून मिळतात, काहींना मजकूर आणि वाचकाचं स्वतःचं ज्ञान दोन्ही लागतं आणि काही नुसत्या वाचकाच्या डोक्यातून येतात. अनुमानाचे प्रश्न मधल्या दोन प्रकारांत बसतात. भाची शेवटच्या प्रकाराचं उत्तर मधल्या प्रकाराच्या प्रश्नाला देत होती.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र चूक माझी निघाली. माझ्या उत्तरपत्रिकेत होतं, म्हातारबाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुरावा तिसरं आणि सातवं वाक्य. क्लार्क वाचून दाखवतो आणि ते अंगठा उठवतात. तिसरं वाक्य एकटं असतं तर नजर कमी असेल असंही म्हणता आलं असतं, म्हणून मी मुद्दाम सातवं ठेवलं होतं. भाचीने दोन्ही वाक्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पण मावशी, आमचे आजोबा रोज पेपर वाचायचे. मग मोतीबिंदू झाला. हात थरथरायला लागल्यावर बँकेत सही जुळेना, म्हणून अंगठा देतात. त्यांना लिहिता-वाचता येतंच की."

ती बरोबर होती. माझ्या दोन खुणा एका उत्तराकडे जात होत्या, पण दुसऱ्याकडे जाणारी वाट त्यांनी बंद केली नव्हती. त्या दिवसापासून मी आणखी एक तपासणी सुरू केली. उतारा भाचीला देण्याआधी शाळेतल्या एका सहकाऱ्याला द्यायचा आणि माझं उत्तर न सांगता त्यांचं लिहून घ्यायचं. वेगळं आलं आणि त्यांना बोट ठेवता आलं, तर दोष उताऱ्यात. मग एक तर दुसरी वाट बंद करणारं वाक्य घालायचं किंवा प्रश्नच बदलायचा. माझे पहिल्या महिन्यातले जवळजवळ निम्मे प्रश्न या चाळणीत अडकले.

पण म्हातारबाबांचा प्रश्न मी बदलला नाही. त्याने मला उत्तराचा दुसरा अर्धा भाग दिला. अनुमानाचं उत्तर नुसतं काय ते सांगून पुरं होत नाही, किती खात्रीने तेही सांगावं लागतं. इंग्रजीत त्यासाठी शब्द तयारच आहेत आणि ते दहावीच्या व्याकरणात आहेतच. सहायक क्रियापदं ती सूत्रासारखी पाठ करत होती, 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'मे' म्हणजे परवानगी. त्यांचा दुसरा उपयोग तिने कधी केलाच नव्हता. आम्ही वहीत तीन रकाने आखले. पहिल्याचं नाव 'मस्ट', तसंच असणार. दुसऱ्याचं 'मे', तसं असू शकेल. तिसऱ्याचं 'सांगता येत नाही'. पैसे आले, हे पहिल्या रकान्यात. म्हातारबाबांना वाचता येत नव्हतं, हे दुसऱ्या. मुलाने पाठवले, हे तिसऱ्या. प्रत्येक उत्तरापुढे वाक्यांचे क्रमांक. पुढच्या उताऱ्यापासून मी प्रत्येक रकान्यासाठी निदान एक प्रश्न ठेवू लागले, नाहीतर मुलं सगळीच उत्तरं 'मस्ट'मध्ये टाकतात.

आठवड्याला एक, असे दिवाळीपर्यंत 13 उतारे झाले. सगळ्याच धड्यांतून ते निघत नाहीत. माहितीपर धड्यांतले शब्द जड आणि एकाच विषयाचे असतात, त्यांतून गोष्ट नीट उभी राहत नाही. कवितांमधून तर मी प्रयत्नच सोडला. कवितेतला शब्द तिथून उचलला की त्याचा अर्थही बदलतो. कथा, आठवणी आणि प्रसंगवर्णनं यांतूनच चांगले उतारे झाले. दुसरी मर्यादा उघड आहे. असे उतारे नवे शब्द शिकवत नाहीत. म्हणून सप्टेंबरपासून मी प्रत्येकात 3 अनोळखी शब्द घालू लागले, अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून काढता येईल असे. दिवाळीनंतर स्वतःचे उतारे बंद करून बाहेरचे सुरू केले, कारण परीक्षेत माझ्या हातचा उतारा येणार नव्हता.

कागद दुमडून बघणं मात्र सोडलं नाही. कुठलाही नवा उतारा आधी झाकून द्यायचा आणि फक्त प्रश्न सोडवायला सांगायचं. एखादं उत्तर तरीही बरोबर आलं तर तो प्रश्न रद्द. 'गरिबांना मदत का करावी?' असला प्रश्न कुठल्याही उताऱ्याखाली शोभतो आणि कुठल्याच उताऱ्याचा नसतो.

डिसेंबरमध्ये तिच्या वर्गात पूर्वपरीक्षेची उजळणी सुरू झाली आणि बँकेची कथा पुन्हा आली. जुलैमध्ये मी जी कथा फुकट घालवली होती, तीच परत काढायचं ठरवलं. आता प्रश्न एकच ठेवला. कथेतल्या प्रत्येक माणसाला खरं काय माहीत होतं आणि त्याने पुढच्याला काय सांगितलं?

तिने वहीत दोन रकाने केले आणि पान पुढे ठेवून एकेक नाव भरत गेली. नथूला माहीत होतं की महिन्याची 20 तारीख आली तरी त्याचा पगार झालेला नाही. त्याने तेवढंच सांगितलं आणि आपण ही नोकरी सोडणार म्हणाला. सीतारामाला माहीत होतं की झाडणारा दुसरं काम शोधतोय. कपडे पोचवायला गेल्यावर त्याने ते ज्या बाईंना झाडणारा हवाच होता, त्यांना सांगितलं. इथपर्यंत दोन्ही रकाने जवळपास सारखे होते. त्यानंतर ते दुरावत गेले. एका झाडणाऱ्याचा पगार राहिला, एवढं माहीत असताना बँक नोकरांना पगार देऊ शकत नाही असं झालं. मग बँक अडचणीत आहे झालं, मग बुडाली झालं. मालक सेठ गोविंदराम काश्मीरला सुट्टीवर गेलेत, एवढं खरं होतं. लोकांनी त्यावरून ते पळाले असं धरलं. आणि सगळे पैसे काढायला बँकेवर धावले.

ती रकाने बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, यात कुणी खोटं बोललंच नाहीये."

"मग काय केलं?"

तिने आमची जुनी वही ओढली, म्हातारबाबांचं पान काढलं आणि त्या तीन रकान्यांवर बोट ठेवलं. "हे 'मे'मधलं उचलून 'मस्ट'मध्ये टाकत गेलेत. आणि हे तर," बोट काश्मीरवर गेलं, "सांगता येत नाही मधलं."

जुलैमध्ये याच कथेचा सारांश तिला तोंडपाठ होता. अफवा पसरवू नये, हे तात्पर्यही पाठ होतं. अफवा नेमकी कुठल्या ठिकाणी तयार होते हे मात्र तिला आत्ता दिसलं होतं. ते तिने पानावर शोधून काढलं होतं.

मग तिने पेन्सिल घेतली. दुसऱ्या रकान्यातल्या तिसऱ्या नावापुढचं वाक्य खोडलं आणि तेच इंग्रजीत पुन्हा लिहिलं, बँकेपुढे पैशाची अडचण असू शकेल, 'मे' घालून. त्याखालच्या नावाकडे गेली आणि पेन्सिल थांबली. त्या माणसाने पुढे काय सांगितलं असतं याचा तिने थोडा वेळ विचार केला.

"इथे 'मे' घातलं ना," ती म्हणाली, "तर पुढच्यांना धावायला कारणच उरत नाही. गोष्ट इथेच संपते."

आणि खालच्या सगळ्या नावांवर तिने पेन्सिलीने एक सरळ रेघ मारली.